पंधरा वर्षांचे कर्ज, आठ वर्षांची वजावट
शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरील करसवलत आणि तिची मोजणी

शैक्षणिक कर्ज घेताना बँक आपल्याला एक आकडा सांगते आणि आयकर कायदा दुसरा. बँक म्हणते, परतफेडीला पंधरा वर्षे आहेत. कायदा म्हणतो, व्याजाची वजावट आठ वर्षे मिळेल. हे दोन आकडे एकाच कागदावर कधी शेजारी येत नाहीत. मंजुरीपत्रावर पहिला असतो, तर दुसरा आयकर कायद्याच्या कलम ८०ई मध्ये. त्यामुळे बारामती-इंदापूर भागातल्या पुष्कळ घरांत दुसरा आकडा कळतो तेव्हा त्यातली तीन-चार वर्षे उलटून गेलेली असतात.

करविषयक सल्ल्याच्या निमित्ताने या भागातल्या नोकरदारांची आणि शेतकरी कुटुंबांची कर्जखाती गेली बरीच वर्षे मी पाहत आलो आहे. त्यातून माझे एक मत बनले आहे. ‘वजावट किती मिळते’ या प्रश्नापेक्षा ‘आठ वर्षे कोणत्या दिवशी सुरू झाली’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे. वजावटीच्या रकमेवर कायद्याने मर्यादा घातलेली नाही. मर्यादा आहे ती वर्षांवर.

दोन आकडे वेगळे कसे पडले

कलम ८०ई जुने आहे. २००५ पर्यंत त्याचे रूप निराळे होते. तेव्हा मुद्दल आणि व्याज मिळून वर्षाला जास्तीत जास्त ४० हजार रुपयांची वजावट मिळे. २००५ च्या वित्त कायद्याने ते बदलले. मुद्दल वगळले गेले, पण व्याजावरची कमाल रक्कम काढून टाकली. त्या वर्षात भरलेले सगळे व्याज वजा करता येऊ लागले. आठ वर्षांची अट मात्र जुन्या कलमातून नव्यात तशीच उतरली.

त्या काळी ही अट कोणाला बोचण्यासारखी नव्हती. इंडियन बँक्स असोसिएशनची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना २००१ साली आली. त्या योजनेत हप्ते सुरू झाल्यापासून पाच ते सात वर्षांत कर्ज फेडायचे होते. म्हणजे आठ वर्षांच्या वजावटीत सात वर्षांचे कर्ज आरामात बसत होते. पुढे शुल्क वाढले, कर्जे वाढली, आणि हप्ता झेपावा म्हणून बँकांनी मुदत ताणली. २०१२ मध्ये साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला दहा आणि त्यावरच्या कर्जाला पंधरा वर्षे झाली. २०१५ च्या सुधारणेनंतर सर्वच कर्जांना पंधरा वर्षांपर्यंत मुदत देता येऊ लागली. शिवाय अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता माफ. बँकेचा आकडा दुपटीने वाढला, कायद्याचा जिथल्या तिथे राहिला.

वजावट कोणाला आणि कशावर

आठ वर्षांकडे वळण्यापूर्वी कलमातल्या चार अटी पाहू. आपल्या भागात यांतली प्रत्येक अट कुठे ना कुठे अडते.

पहिली अट कर्ज कुणाकडून घेतले याची. ते बँकेकडून, केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या वित्तसंस्थेकडून किंवा मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेकडून घेतलेले असावे. कारखान्याच्या कामगारांची पतसंस्था, गावची पतसंस्था, सोयरे किंवा सावकार यांच्याकडून घेतलेल्या पैशावरचे व्याज यात बसत नाही, मग तो पैसा खरोखर कॉलेजच्या शुल्कातच गेलेला का असेना.

दुसरी अट कर्ज कुणासाठी याची. ते स्वतःच्या, पतीच्या किंवा पत्नीच्या, मुलामुलींच्या, किंवा आपण ज्याचे कायदेशीर पालक आहोत अशा विद्यार्थ्याच्या उच्च शिक्षणासाठी हवे. बारावी किंवा तत्सम परीक्षेनंतरचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम म्हणजे उच्च शिक्षण. मग ते अभियांत्रिकीचे असो, नर्सिंगचे असो की एखाद्या व्यवसायाचे. या यादीत भाऊ नाही आणि पुतण्याही नाही. एकत्र कुटुंबात थोरला नोकरीला लागतो आणि धाकट्याच्या कर्जाचे हप्ते भरतो, ही आपल्याकडची नेहमीची रीत. नाते कितीही जवळचे असले तरी थोरल्याला त्या व्याजाची वजावट मिळत नाही. एकत्र हिंदू कुटुंब म्हणून वेगळे विवरणपत्र भरणाऱ्यांनाही ती नाही. वजावट फक्त व्यक्तीला आहे.

तिसरी अट कर्ज कुणाच्या नावावर याची. वजावट मागणाऱ्याने ते ‘घेतलेले’ असले पाहिजे. शैक्षणिक कर्जात बहुतेक वेळा विद्यार्थी मुख्य कर्जदार आणि आई किंवा वडील सहकर्जदार असतात, म्हणून दोघांनाही दार उघडे असते. नुसता जामीनदार मात्र कर्जदार नव्हे.

चौथी अट ऊसपट्ट्यात सर्वाधिक विसरली जाते. व्याज ‘करपात्र उत्पन्नातून’ भरलेले हवे. शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे. नीरा डाव्या कालव्यावरच्या बागायतदाराने केवळ उसाच्या बिलातून व्याज भरले आणि त्याला दुसरे करपात्र उत्पन्न नसेल, तर वजावट कशातून करायची हा प्रश्नच उरत नाही. ज्याच्याकडे पगारही आहे आणि ऊसही आहे, त्याने व्याज पगार जमा होणाऱ्या खात्यातूनच भरावे. उसाचे बिल ज्या खात्यात येते त्यातून नको. पैसा घरातलाच असतो, पण कागदावर त्याची वाट स्पष्ट दिसली पाहिजे.

घड्याळ केव्हा सुरू होते

आता मुख्य मुद्दा. कलम म्हणते की करदात्याने ज्या वर्षी कर्जावरचे व्याज भरायला सुरुवात केली, ते पहिले वर्ष. ते आणि त्यानंतरची लागोपाठ सात वर्षे, किंवा व्याज पूर्ण फिटेपर्यंत, यांतले जे आधी येईल तोवर वजावट मिळेल.

या वाक्यात काय नाही, ते नीट पाहावे लागते. त्यात ‘हप्ता’ हा शब्द नाही, कर्ज मंजूर झाल्याची तारीख नाही, नोकरी लागल्याचा उल्लेख नाही. ‘किमान अमुक रुपये व्याज’ अशीही अट नाही. पाचशे रुपये व्याज म्हणून भरले तरी सुरुवात झाली. एकदा सुरू झालेले हे घड्याळ थांबत नाही. मधे एखाद्या वर्षी नोकरी गेली, हप्ते थकले, किंवा उत्पन्न इतके कमी होते की कर लागलाच नाही, तरी ते वर्ष आठांत मोजले जाते. वाया गेलेले वर्ष शेवटी जोडून मिळत नाही.

आठ वर्षे म्हणजे ९६ महिनेही नव्हेत. मोजणी आर्थिक वर्षांची आहे, एप्रिल ते मार्च. पहिले व्याज ३० मार्चला भरले तर एका दिवसाच्या भरण्यासाठी आठांतले एक वर्ष खर्ची पडते. तेच व्याज २ एप्रिलला भरले असते तर ते वर्ष हाती राहिले असते. आपल्याकडे हा मुद्दा केवळ तात्त्विक नाही. गाळप दिवाळीच्या आसपास सुरू होते आणि उसाची बिले फेब्रुवारी-मार्चपर्यंत हाती येत राहतात. घरात पैसा दिसला की कर्जाची आठवण होते. “बिल आलंय, पोरीच्या कर्जाचं थोडं व्याज भरून टाकू का?” हा प्रश्न मला बहुधा मार्च महिन्यातच ऐकू येतो. भरू नका असे माझे म्हणणे नसते. कुणाच्या खात्यातून आणि कोणत्या तारखेला, एवढेच मी विचारतो.

एक हिशेब

आता एक उदाहरण आकड्यांनिशी मांडतो. ते कुणा एका घराचे नाही, या भागातल्या नेहमीच्या परिस्थितीवरून बेतलेले आहे. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून व्याजदर सगळीकडे १० टक्के धरला आहे.

सुप्याकडच्या जिरायती पट्ट्यातल्या एका मुलीला २०१७ साली पुण्यात अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला. चार वर्षांसाठी दर ऑगस्टला १ लाख ८५ हजार, असे एकूण ७ लाख ४० हजार रुपयांचे कर्ज बँकेने दिले. २०२१ च्या उन्हाळ्यात शिक्षण संपले. पुढचे एक वर्ष सवलतीचे धरून हप्ते ऑगस्ट २०२२ पासून सुरू झाले. या काळात बँक सरळ व्याज आकारते. पहिल्या उचलीवर पाच वर्षांचे, दुसरीवर चार, तिसरीवर तीन आणि चौथीवर दोन, असे मिळून व्याज २ लाख ५९ हजार होते. हप्ते सुरू होताना ते मुद्दलात मिसळले आणि कर्ज जवळपास १० लाखांचे झाले. पंधरा वर्षांच्या मुदतीने महिन्याचा हप्ता १०,७४६ रुपये बसला. शेवटचा हप्ता जुलै २०३७ मध्ये. एवढ्या काळात १० लाखांवर ९ लाख ३४ हजार व्याज जाईल.

पहिली शक्यता अशी की शिक्षण चालू असताना मुलीने काहीच भरले नाही. तिचे पहिले व्याज ऑगस्ट २०२२ च्या हप्त्यात गेले. म्हणून तिचे पहिले वर्ष २०२२-२३ आणि आठवे २०२९-३०. मार्च २०३० पर्यंत तिचे ९२ हप्ते होतील आणि त्यांत ६ लाख ५७ हजार व्याज असेल. तेवढ्या रकमेची वजावट तिला मागता येईल. उरलेले सुमारे २ लाख ७७ हजार व्याज मुदतीच्या बाहेर पडेल.

दुसरी शक्यता. मार्च २०१८ मध्ये वडिलांनी पाच हजार रुपये मुलीच्या बचत खात्यात टाकले आणि तिथून ते कर्जखात्यात व्याजापोटी वळते झाले. हेतू चांगलाच होता. पण कागदावर व्याज भरणारी व्यक्ती ती मुलगी ठरली आणि वर्ष ठरले २०१७-१८. तिथून मोजले तर आठवे वर्ष २०२४-२५. मार्च २०२५ पर्यंत हप्ते झाले अवघे ३२. त्यांतले व्याज २ लाख ५६ हजार. आठांतली पहिली पाच वर्षे तिला पगारच नव्हता, तेव्हा ती रिकामी गेली.

दोन्ही शक्यतांमधला फरक ४ लाख रुपयांच्या वजावटीचा आहे. जुन्या करपद्धतीत २० टक्क्यांच्या टप्प्यात असणाऱ्याला उपकर धरून शंभर रुपयांमागे २० रुपये ८० पैसे कर पडतो. त्या दराने हा फरक ८३ हजार रुपयांच्या आसपास जातो. पाच हजारांच्या एका भरण्याने एवढी उलथापालथ होते.

अशा वेळी एक युक्तिवाद करता येतो. २०१८ मध्ये ती मुलगी करदातीच नव्हती, तेव्हा ‘करदात्याने सुरुवात केली’ हे शब्द तिला लागू कसे पडतील? युक्तिवादात अर्थ आहे. पण तो कर अधिकाऱ्यापुढे, नोटीस आल्यानंतर मांडायचा असतो. वाद जिंकण्यापेक्षा तो होऊ न देणे स्वस्त पडते.

दोन कर्जदार, दोन घड्याळे

म्हणजे शिक्षणाच्या काळात व्याज भरूच नये का? तसे नाही. व्याज वेळेवर भरले तर ते मुद्दलात मिसळत नाही. पुष्कळ बँका त्या काळातल्या व्याजदरात एक टक्क्याची सूटही देतात. आणखी एक कारण आहे. एकदा व्याज मुद्दलात मिसळले की पुढे बँकेच्या प्रमाणपत्रात ते सहसा मुद्दल म्हणूनच दिसते आणि त्यावर वजावट मागणे अवघड होते. वरच्या उदाहरणातले २ लाख ५९ हजार असेच मुद्दलात लपले.

यावरचा उपाय कलमाच्या शब्दांतच आहे. घड्याळ कर्जाला बांधलेले नाही, ‘करदात्याला’ बांधलेले आहे. वडील सहकर्जदार आहेत आणि त्यांना शाळेतला, कारखान्यातला किंवा बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतला करपात्र पगार आहे, तर शिक्षणाच्या काळातले व्याज त्यांनी आपल्या पगाराच्या खात्यातून थेट कर्जखात्यात भरावे. त्यांचे घड्याळ सुरू होईल आणि ते आपल्या उत्पन्नातून वजावट घेतील. मुलीने मात्र तोवर काही भरू नये. नोकरी लागल्यावर तिने आपल्या पगारातून पहिले व्याज भरले की तिची स्वतःची आठ वर्षे सुरू होतील. एका कर्जावर दोघांना वजावट मिळू शकते, पण ज्याने जेवढे भरले तेवढीच. एकच व्याज दोघांनी दाखवणे चालत नाही.

वडिलांना केवळ शेती असेल तरी हेच करावे. त्यांना वजावटीचा उपयोग नाही, त्यामुळे त्यांचे घड्याळ सुरू झाले तरी नुकसान नाही. अट एवढीच की पैसे त्यांच्या खात्यातून थेट कर्जखात्यात जावेत. आधी मुलीच्या खात्यात टाकून तिथून भरले की सारा फायदा गेला. रोखीने भरले तर पावतीवर भरणाऱ्याचे नाव कोणाचे आहे ते तिथल्या तिथे वाचून घ्यावे.

पगार आणि शेती दोन्ही असलेल्या वडिलांना एक सावधगिरी हवी. पहिल्या वर्षी उसाच्या पैशातून व्याज भरले, तर त्या वर्षी वजावट नाही, पण घड्याळ सुरू होण्याचा धोका आहे. कारण करपात्र उत्पन्नाची अट वजावटीच्या वाक्यात आहे, सुरुवातीच्या वर्षाच्या व्याख्येत ती नाही.

काही घरांत शिक्षणाच्या काळातले व्याज सरकार भरते. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी केंद्राची व्याज अनुदान योजना २००९ पासून आहे. ते व्याज विद्यार्थ्याने भरलेले नसते. त्यामुळे त्यावर वजावट नाही, आणि त्याने विद्यार्थ्याचे घड्याळही सुरू होत नाही.

वजावटीसाठी मुदत ताणावी का

आठ वर्षांची गोष्ट कळल्यावर लोक दोन टोकांना जातात. काही म्हणतात, व्याजावर सवलत आहे ना, मग कर्ज सावकाश फेडू. दुसरे म्हणतात, आठ वर्षांनी सवलत नाही, मग काहीही करून आठांतच संपवू. दोन्हींचा हिशेब करून पाहू.

तेच १० लाखांचे कर्ज पंधराऐवजी आठ वर्षांत फेडायचे ठरवले तर हप्ता १०,७४६ ऐवजी १५,१७४ रुपये होतो. महिन्याला साडेचार हजारांच्या आत वाढ. एकूण व्याज ९ लाख ३४ हजारांवरून ४ लाख ५७ हजारांवर येते. म्हणजे वाचले ४ लाख ७७ हजार. लांब मुदतीत वजावट जास्त मिळते हे खरे, पण दोन लाख रुपये जादा वजावट म्हणजे २० टक्क्यांच्या टप्प्यात साधारण ४२ हजारांचा कर. त्यासाठी पावणेपाच लाख व्याज जादा भरायचे, हा सौदा तोट्याचा आहे. वजावट म्हणजे व्याजाची भरपाई नव्हे, त्याचा एक भाग परत मिळतो एवढेच.

ज्याला मोठा हप्ता झेपत नाही त्यानेही घाबरून जाऊ नये. हप्त्याच्या कर्जात सुरुवातीला व्याज जास्त आणि मुद्दल कमी फिटते. म्हणून पंधरा वर्षांच्या कर्जातही पहिल्या शक्यतेप्रमाणे ९२ हप्त्यांत एकूण व्याजाच्या सत्तर टक्के व्याज वजावटीत येते. मुदतीची निम्मी वर्षे बाहेर राहिली तरी व्याज निम्मे बाहेर राहत नाही. घड्याळ उशिरा, हप्त्यांबरोबर सुरू झाले तरच हे घडते, म्हणून सुरुवातीचे महत्त्व.

जादा पैसा केव्हा भरावा, याचे उत्तरही यातून मिळते. २० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला १० टक्क्यांचे कर्ज वजावटीमुळे ७.९२ टक्क्यांना पडते. नववे वर्ष लागले की तेच कर्ज पुन्हा पुरते १० टक्क्यांचे होते. पहिल्या आठ वर्षांत हाताशी आलेली रक्कम आधी दुसऱ्या, महागड्या कर्जाकडे वळवता येते. आठवे वर्ष संपले की ठेवीतली शिल्लक मोडून शैक्षणिक कर्ज कमी करण्यात शहाणपण आहे, कारण त्या ठेवीच्या व्याजावर आपण कर भरत असतो आणि या व्याजावर सवलत मिळत नसते.

नव्या करपद्धतीत हे कुठे बसते

कलम ८०ई ची वजावट फक्त जुन्या करपद्धतीत आहे. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नवी पद्धत आपोआप लागू होणारी ठरली. जुनी हवी असेल तर ती निवडावी लागते. नोकरदाराला ही निवड दर वर्षी करता येते.

२०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर, म्हणजे ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंतच्या पगारावर, करच लागत नाही. तेव्हा वर ८३ हजारांचा जो फरक काढला, तो या मर्यादेतल्या पगारदाराला यापुढे लागू नाही. मुळात करच नसेल तर वजावट गमावण्याचा प्रश्न येत नाही. सात-आठ लाख पगाराच्या मुलामुलींनी केवळ शैक्षणिक कर्ज आहे म्हणून जुन्या पद्धतीला चिकटून राहू नये.

मग कलमाचा उपयोग उरतो कोणाला? ज्यांचे कर्ज मोठे आणि पगारही मोठा त्यांना. समजा, परदेशी शिक्षणासाठी ४० लाखांचे कर्ज काढून परतलेल्या आणि पुण्यात २० लाख पगार असलेल्या मुलाने एका वर्षात ४ लाख व्याज भरले. त्याला गृहकर्जाचे २ लाख व्याज आणि कलम ८०सी चे दीड लाखही आहेत. जुन्या पद्धतीत ५० हजारांची प्रमाणित वजावट धरून करपात्र उत्पन्न १२ लाखांवर येते आणि उपकरासह कर १ लाख ७९ हजार ४०० रुपये होतो. नव्या पद्धतीत तो १ लाख ९२ हजार ४०० रुपये. जुनी पद्धत १३ हजारांनी स्वस्त. शैक्षणिक कर्जाची वजावट काढून टाकली तर जुन्या पद्धतीतला कर ३ लाख ४ हजार २०० रुपयांवर जातो. याचा अर्थ, या मुलाला जुन्या पद्धतीत धरून ठेवणारी गोष्ट फक्त ८०ई आहे. त्याची आठ वर्षे संपतील त्या वर्षी त्याने पद्धत बदलली पाहिजे. दरम्यान व्याज कमी होत गेले तर आणखी आधी. मधली काही वर्षे नव्या पद्धतीत काढून पुन्हा जुनीकडे आले, तर ती मधली वर्षेही आठांत मोजली जातात.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ चा नवा आयकर कायदा घेईल. कलमांचे आकडे बदलतील आणि ‘कर आकारणी वर्ष’ जाऊन ‘कर वर्ष’ हा शब्द येईल. आठ वर्षांची मर्यादा मात्र तिथेही तीच आहे.

आपले घड्याळ कुठवर आले ते कसे पाहावे

बँकेकडून दोन कागद मागावेत. पहिला, कर्ज उचलल्या दिवसापासूनचा कर्जखात्याचा पूर्ण उतारा. फक्त चालू वर्षाचा नको. त्यातली जमेची बाजू वरून खाली वाचत जावी आणि व्याजापोटी आलेली पहिली रक्कम शोधावी. ती कोणत्या तारखेची आणि कोणाच्या खात्यातून आली, हे पाहिले की घड्याळ कोणाचे आणि कोणत्या वर्षी सुरू झाले ते कळते. त्या आर्थिक वर्षापासून बोटावर आठ मोजावीत.

दुसरा कागद व्याज प्रमाणपत्र. त्यावर एक शब्द तपासावा. ‘आकारलेले व्याज’ आणि ‘भरलेले व्याज’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हप्ते सुरू होण्यापूर्वी बँक दर वर्षी व्याज आकारते आणि खात्याला नावे टाकते, पण आपण ते भरलेले नसते. वजावट भरलेल्या व्याजाची आहे. आकारलेले व्याज पाहून विवरणपत्रात वजावट मागितली, तर ती नामंजूर होऊ शकते. शिवाय आपण त्याच वर्षी व्याज भरू लागलो असे आपल्याच हाताने लिहून दिल्यासारखे होते. २०२५ साली भरायच्या विवरणपत्रांपासून ८०ई साठी बँकेचे नाव, कर्जखात्याचा क्रमांक, कर्ज मंजुरीची तारीख आणि शिल्लक रक्कम हा तपशीलही द्यावा लागतो. तेव्हा जुन्या वर्षांशी ताळा न जुळणारा आकडा आता सहज नजरेत येतो.

यंदाच्या हंगामात गाळप सुरू होऊन बिले हाती येतील आणि मार्चच्या आत कर्जाचे थोडे ओझे उतरवावे असे वाटेल, तेव्हा हा उतारा समोर ठेवावा. मुलाचे किंवा मुलीचे पहिले व्याज अजून भरलेले नसेल, तर ते वडिलांच्या खात्यातून थेट जाऊ द्यावे. आणि ज्याने ते भरायचे त्याला करपात्र पगार सुरू झालेला असेल, तर मार्चऐवजी एप्रिलपर्यंत थांबता येते का, हे आधी बँकेत विचारावे. हप्त्याची देय तारीख मार्चमधली असेल तर थांबू नये. थकीत हप्त्याचा दंड आणि पतनोंदीवरचा डाग हे गमावलेल्या एका वर्षापेक्षा महाग पडतात.